छप्पन्न टक्क्यांचा मेल

सकाळी 9.20

मार्चअखेरीला पुनर्विमा विभागात फोन थांबत नाहीत. देशातल्या असंख्य कारखान्यांच्या पॉलिसी 1 एप्रिलच्या शून्य तासाला सुरू होतात. त्यातल्या मोठ्या रिस्क एकट्या कंपनीला पेलत नाहीत, म्हणून त्याआधी बाहेर वाटून घ्याव्या लागतात. आज टेबलावर यवतमाळ जिल्ह्यातली एक फाइल आहे: पांढरकवडा रस्त्याच्या पट्ट्यातला, एकाच आवारात जिनिंग-प्रेसिंग आणि सूतगिरणी असलेला कारखाना. त्याचं नाव देता येत नाही, आणि ओळख लागू नये म्हणून आकडेही थोडे इकडचे तिकडे केले आहेत. हिशेब मात्र खरा चालतो तसाच आहे.

इमारती 120 कोटी, यंत्रं 400 कोटी, रुईच्या गाठी आणि सूत मिळून माल 180 कोटी, आणि कारखाना बंद पडला तर बुडणारा वर्षभराचा नफा 100 कोटी. एकूण 800 कोटींची विमा रक्कम. ब्रोकरला दिलेला दर हजारी सव्वा रुपया, म्हणजे वर्षाचा प्रीमियम एक कोटी. हा दर ग्राहकाने काल मान्य केला. आज तो दर आणि त्यामागची प्रत्येक अट पुनर्विमाकर्त्यांकडून पक्की करून घ्यायची आहे.

10.00

आधी आपल्या घरात किती मावतं ते बघायचं. 4 टक्के सक्तीने जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीला जातात. विमा कायद्याच्या कलम 101अ खाली हा वाटा विमा नियामक केंद्र सरकारच्या मान्यतेने ठरवून देतो, आणि तो 2022-23 पासून 4 टक्क्यांवर आहे. एके काळी तो 20 टक्के होता. आमच्या रिस्कवर 4 टक्के म्हणजे 32 कोटी. कंपनी स्वतःच्या अंगावर 40 कोटी ठेवते. त्यावर वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली ट्रीटी आहे. तीत या वर्गातल्या रिस्कला सात लाइन मिळतात, म्हणजे चाळीसच्या सातपट, 280 कोटी. बेरीज 352 कोटी, चव्वेचाळीस टक्के. उरलेले 448 कोटी, म्हणजे छप्पन्न टक्के, बाहेर फॅकने ठेवायचे.

ट्रीटी आणि फॅक यांत फरक एवढाच की ट्रीटीत बसणारी रिस्क समोरच्याला घ्यावीच लागते. फॅकमध्ये तो प्रत्येक रिस्क स्वतंत्र बघतो आणि सरळ नाही म्हणू शकतो. त्याने कारखाना पाहिलेला नसतो, आमचा मेल पाहिलेला असतो. त्यामुळे मेलमध्ये जे लिहिलं तेच त्याच्यापुरतं यवतमाळ.

10.40

मार्केटिंगचा फोन आला. अपेक्षितच होता.

"मॅडम, छप्पन्न लाखांचा प्रीमियम बाहेर कशाला देताय? इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये पीएमएल 45 टक्के लिहिलाय. त्या हिशेबाने घ्या ना."

पीएमएल म्हणजे एका आगीत जास्तीत जास्त किती जळू शकेल याचा अंदाज. 800 कोटींचे 45 टक्के, 360 कोटी. आमचं रिटेन्शन आणि ट्रीटी मिळून 320 कोटी, म्हणजे 360 च्या जवळपास 89 टक्के. सक्तीचे 4 टक्के धरले की बाहेर ठेवायला जेमतेम सात टक्के उरतात. प्रीमियमचे एकोणपन्नास लाख वाचतात. मार्केटिंगचं गणित चुकीचं नाही, पण ते 360 या आकड्यावर उभं आहे, आणि तो आकडा कशावर उभा आहे हे पाहिल्याशिवाय मी हलणार नव्हते.

11.15

रिपोर्ट उघडला. इन्स्पेक्शन करणारा इंजिनिअर व्यवस्थित माणूस आहे, नेमकं लिहितो. मोठं गोदाम आणि सूतगिरणीची मुख्य शेड यांच्यात 15 मीटर मोकळी जागा, म्हणून आग एका बाजूलाच थांबेल असं गृहीत धरलं, आणि गोदामातला 95 कोटींचा माल पीएमएलबाहेर ठेवला. हे सगळं मजकुरात आहे. मागे जोडलेल्या फोटोंत त्या 15 मीटरमध्ये ताडपत्रीखाली गाठींच्या थप्प्या दिसतात, अगदी ब्लोरूमच्या भिंतीपर्यंत.

हंगामात हे होतं. दिवाळीपासून कापूस येत राहतो, जिन चालत राहतं, गाठी बांधल्या जातात आणि गोदाम फुगतं. मोकळी जागा दिसली की तिथे थप्पी लागते. रात्री कोणी त्याला धोका म्हणत नाही, सोय म्हणतं.

ही जागा भरली तर गोदाम आणि शेड एकच आग. 360 मध्ये 95 मिळवा, 455 कोटी. सात टक्के बाहेर ठेवून बसलो असतो आणि अशी आग लागली असती, तर आमच्या 89 टक्क्यांच्या वाट्याला 404 कोटी आले असते. ट्रीटी आणि रिटेन्शन मिळून 320, वरचे सुमारे 84 कोटी कंपनीच्या खिशातून, कारण आमच्या ट्रीटीत पीएमएल चुकला तर ज्यादा भार आमचा असं साफ लिहिलं आहे. 40 कोटी ठेवायचे ठरवलेल्या कंपनीने 124 द्यायचे. मार्केटिंगला एवढाच आकडा परत पाठवला आणि विषय मिटला. पूर्ण विमा रकमेवर, छप्पन्न टक्के बाहेर.

12.00

शाखेला फोन. यवतमाळची शाखा म्हणजे तीन माणसं आणि एक मोटारसायकल. त्यातला एक जण सकाळीच कारखान्यात पोहोचला होता.

"गाठी अजून तिथंच हायेत का हो?"

"हाव ना मॅडम. मी मोजलं तं अठराशेच्या वर भरल्या. मालक म्हणते, धा तारखेपर्यंत हटवून देतो."

एक गाठ 170 किलोची. अठराशे म्हणजे तीनशे टनांवर रुई, सध्याच्या भावाने पावणेपाच कोटींच्या आसपास. रकमेने ती 800 कोटींत दिसणारही नाही. ती कुठे ठेवली आहे, प्रश्न तिथे आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा विचारला. टाकी दहा लाख लिटरची आहे. डिझेल पंप ताशी 273 घनमीटर पाणी फेकतो, म्हणजे पूर्ण चालवला तर टाकी पावणेचार तासांत कोरडी. गाठीची आग पावणेचार तासांत विझत नाही. दाबलेल्या रुईच्या पोटात ती धुमसत राहते, वरून विझलेली गाठ दुसऱ्या दिवशी फोडली की पुन्हा पेट घेते. नगरपालिकेचा बंब येईपर्यंत अर्धा तास. ही माहिती मेलमध्ये जशीच्या तशी गेली.

12.30

मेल लिहायला घेतला. तो इंग्रजीत जातो. मुख्य मजकूर मराठीत असा:

> विषय: फॅक प्रस्ताव, सूतगिरणी व जिनिंग-प्रेसिंग, यवतमाळ जिल्हा, 1 एप्रिलपासून 12 महिने
>
> मूळ पॉलिसी: आग व संलग्न धोके, वादळ-पूर आणि भूकंपासह, आणि आगीमुळे होणारा नफ्याचा तोटा. एकूण विमा रक्कम 800 कोटी, तपशील तक्त्यात.
>
> मूळ दर: हजारी 1.25. वजावट: मालमत्तेला दाव्याच्या 5 टक्के, किमान 10 लाख, नफ्याच्या तोट्याला 7 दिवस.
>
> हवा असलेला आधार: 56 टक्के, म्हणजे 448 कोटी. आपण लीड करणार असल्यास अटी आणि आपली लाइन कळवावी.
>
> कमिशन: 10 टक्के. प्रीमियम: सुरुवातीपासून 60 दिवसांत.
>
> अटी: कालावधी, कव्हर, वजावट आणि वॉरंटी मूळ पॉलिसीप्रमाणेच. दाव्यांत सहकार्याचे कलम, नियंत्रणाचे नाही. 5 कोटींवरील दाव्यात आपला हिस्सा रोख मागण्याची मुभा.
>
> दाव्यांचा इतिहास: पाच वर्षांत एक, तीन वर्षांपूर्वी जिनमधून आलेल्या गाठीतील आग, 2 कोटी 40 लाख.
>
> विशेष माहिती: गोदाम व शेडमधील 15 मीटरच्या जागेत सध्या सुमारे 1,800 गाठी आहेत. फोटो जोडला आहे. 10 एप्रिलपर्यंत हलवण्याचे विमाधारकाने मान्य केले आहे. पीएमएल दोन्ही प्रकारे दिला आहे: 360 आणि 455 कोटी.

पाठवण्याआधी मार्केटिंगच्या मुलाने वाचला. "तो फोटो कशाला जोडताय? कोणी मागितला नव्हता."

कोणी मागितला नव्हता, म्हणूनच. पुनर्विम्याचा करार पूर्ण सचोटीचा मानतात. लाइन घ्यायची की नाही, कोणत्या दराने घ्यायची, यावर परिणाम करील ते न विचारताही सांगावं लागतं. लपवलं आणि नंतर आग लागली, तर समोरचा करारच रद्द करायला निघतो. आणि लपवायचं तरी कसं? इन्स्पेक्शन रिपोर्ट आमच्याच फाइलमध्ये आहे. दावा आल्यावर पुनर्विमाकर्ता पहिला कागद मागतो तो हाच.

त्या एका दाव्याचं कारणही दोन ओळींत लिहिलं. जिनमध्ये कपाशीबरोबर खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, घर्षणाने ठिणगी उडाली, आणि ती रुईबरोबर दाबून गाठीत बांधली गेली. अशी गाठ बाहेरून थंड असते. दोन-तीन दिवसांनी गोदामात मधूनच धूर येतो. आता नव्या गाठी दोन दिवस वेगळ्या शेडमध्ये ठेवतात, मगच गोदामात नेतात. इतिहासात शून्य दावे लिहिलेले असले की अंडररायटरला उलट संशय येतो. एक दावा, त्याचं कारण आणि त्यावर काय केलं हे आलं की तो निवांत वाचतो.

1.10

मेल गेला. कोणाला आधी, हे आमच्या मर्जीवर नाही. विमा नियामकाच्या नियमात क्रम ठरलेला आहे: भारतीय पुनर्विमाकर्त्याला पहिलं विचारायचं, मग परदेशी कंपन्यांच्या इथल्या शाखा आणि गिफ्ट सिटीतली कार्यालयं, आणि भारताबाहेरून व्यवहार करणारे सगळ्यात शेवटी. म्हणजे चर्चगेट, मग बीकेसी. या रिस्कला त्यापुढे जायची गरज पडेल असं वाटत नव्हतं.

डबा खाल्ला.

2.50

पहिलं उत्तर म्हणजे पुराबद्दलचा प्रश्न. पुनर्विमाकर्त्याच्या नकाशावर जिल्ह्याच्या एका बाजूला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा. कारखाना दोन्हींपासून लांब. पण त्या अंडररायटरला 22 जुलै 2023 आठवत होती. आदल्या रात्रीपासूनच्या पावसाने यवतमाळ शहरात पाणी घुसलं आणि महागाव तालुक्यात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. प्रश्न रास्त होता. या भागात नदीपेक्षा नाले दगा देतात. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही आणि घाटउतारावरचं सगळं पाणी एकदम येतं.

कारखाना उतारावर आहे, गोदामाचा जोता रस्त्यापासून तीन फूट वर, आणि 2023 मध्ये आवारात पाणी शिरलं नव्हतं असं विमाधारकाचं पत्र आमच्याकडे होतं. पत्र आणि जोत्याचा फोटो पाठवला. वीस मिनिटांत उत्तर: ठीक.

3.40

लीडचं उत्तर आलं. दर मान्य, कमिशन मान्य, लाइन 25 टक्के. पण खाली तीन ओळी होत्या, आणि या धंद्यात मेल खालून वाचायचा असतो.

एक: 15 मीटरची जागा सदैव मोकळी ठेवण्याची वॉरंटी. दोन: गाठी हलवल्याचा फोटो मिळाल्याशिवाय कव्हर सुरू नाही. तीन: दाव्यांवर नियंत्रण पुनर्विमाकर्त्याचं.

दुसरी ओळ सगळ्यात घातक. आमची पॉलिसी 1 एप्रिलला सुरू होणार, ग्राहक प्रीमियम आधीच भरणार, कारण कलम 64व्हीबीप्रमाणे पैसे आल्याशिवाय आम्ही जोखीम उचलूच शकत नाही. पैसे घेतल्यावर 1 ते 10 एप्रिल दरम्यान आग लागली तर आम्ही पूर्ण दावा देणार आणि लीड म्हणणार, माझं कव्हर अजून सुरू झालं नव्हतं. दहा दिवसांचं भोक.

लगेच फोन लावला. मेलवर असली गोष्ट फिरत राहते आणि तोवर संध्याकाळ होते. आमची मागणी एवढीच होती की कव्हर 1 एप्रिलच्या शून्य तासाला सुरू व्हावं, फोटोला 10 एप्रिलची मुदत असावी, आणि मुदत चुकली तर तेव्हापासून ते काय करतील ते लिहून द्यावं. दोन्ही बाजूंचा अर्थ दोघांनाही कळत होता. अखेर ठरलं: 10 तारखेपर्यंत फोटो नाही आला तर 11 पासून त्या जागेतून पसरलेल्या आगीपुरतं त्यांचं कव्हर थांबेल, बाकीचं चालू राहील.

4.30

आता पहिली ओळ. वॉरंटी म्हणजे मोडली की कव्हर गेलं, मग नुकसान त्यामुळे झालं असो वा नसो. पुनर्विम्यात ती आहे आणि मूळ पॉलिसीत नाही, तर ग्राहकाने जागा भरली तरी आम्हाला दावा द्यावा लागेल आणि आमचे 56 टक्के येणार नाहीत. म्हणून दोन मार्ग: लीडने वॉरंटी सोडावी किंवा आम्ही ती मूळ पॉलिसीत घालावी. सोडणार नाहीत, हे उघड होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही सोडली नसती.

ब्रोकरला मजकूर पाठवला, शब्दशः तोच, 10 तारखेची मुदतही तीच. "गोदाम आणि मुख्य शेड यांच्यातील जागेत गाठी, सूत, भंगार किंवा लाकडी पॅलेट ठेवू नयेत." पुनर्विम्याच्या स्लिपवर "माल" असा मोघम शब्द होता, तोही बदलून घेतला. पॅलेट म्हणजे माल की नाही, यावर आगीनंतर वाद घालायला दोघांकडचे वकील तयारच असतात.

ब्रोकर कुरकुरला, मालकाशी बोलला. साडेपाचला उत्तर: मान्य, पण हंगामात जागा लागते, दुसरीकडे उघड्यावर ठेवायला परवानगी हवी. शाखेच्या माणसाने मागच्या कुंपणाकडची जागा सुचवली, शेडपासून 30 मीटर. तिथे 10 कोटींपर्यंतचा माल ठेवण्याची मुभा घातली, लीडला कळवलं, त्यांनी एका ओळीत होकार दिला. मालकाला जागा मिळाली, लीडला अंतर मिळालं.

5.50

तिसरी ओळ. नियंत्रण कलम घेतलं तर दाव्याचा प्रत्येक रुपया त्यांच्या परवानगीने. सर्व्हेअर आम्ही नेमणार, मुदती नियामकाच्या आमच्या मानेवर, ग्राहक आमच्या दारात, आणि होकार बीकेसीतून यायचा. हे मान्य नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांची भीतीही समजण्यासारखी होती: 200 कोटींची लाइन घेणाऱ्याला आपल्याला न विचारता तडजोड झालेली नको असते. शेवटी सहकार्याचंच कलम ठेवलं: 2 कोटींवरचा दावा सात दिवसांत कळवायचा, 10 कोटींवर सर्व्हेअर त्यांच्या संमतीने नेमायचा, पण देय किती हे ठरवणं आमचं.

6.40

लीडच्या पक्क्या अटी घेऊन दुसऱ्या दोघांकडे गेले. लीड ठरला की मागचे वेगाने येतात. त्यांना अटींवर घासाघीस करायची नसते, लीडचं नाव आणि स्लिप बघायची असते. एकाने 20 टक्के लिहिले, दुसऱ्याने 15. लीडचे 25 धरून साठ. मला छप्पन्न हवे होते.

जास्त लिहून आलं तर कोणा एकाची लाइन कापायची नाही, सगळ्यांची प्रमाणात खाली आणायची. 60 चे 56, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या लाइनचा चौदा-पंधरांश. लीडला 23.33, दुसऱ्याला 18.67, तिसऱ्याला 14. बेरीज बरोबर 56. लीडला फोन करून आधी सांगितलं, कारण काही जण पंचवीसच्या खाली येत नाहीत. हे आले.

7.30

तिघांना सही झालेल्या लाइनचे मेल पाठवले, प्रत्येकात तोच वॉरंटीचा मजकूर, तीच 10 तारीख, तेच दाव्याचं कलम. मूळ पॉलिसीचा मसुदा शाखेला गेला. छापण्याआधी वॉरंटीचा परिच्छेद स्लिपशी शब्द न् शब्द ताडून बघायचा, असं वर लिहिलं. छप्पन्न लाखांतून दहा टक्के कमिशन वजा जाता 50 लाख 40 हजार तिघांना मिळून द्यायचे, 31 मेच्या आत. लेखा विभागाला ती तारीख कळवली. प्रीमियम उशिरा गेला तर समोरच्याला नोटीस देऊन कव्हर काढता येतं. ते कलमही स्लिपवर आहे, अगदी शेवटून दुसऱ्या ओळीत.

शाखेचा माणूस परत यवतमाळला पोहोचला होता. म्हणाला, उद्यापासून दोन ट्रक लागतील, आणि फोटो तारीख दिसेल असा काढायला सांगितलं आहे. मी म्हटलं, फोटोत ब्लोरूमची भिंत दिसली पाहिजे, नाहीतर तो कुठलाही रिकामा प्लॉट असू शकतो.